एलईडी बल्ब टाकण्याआधी: ५५ वॉटचा उजेड नेमका जातो कुठे?

रात्री आरे कॉलनीतून गोरेगावहून मरोळकडे येताना हल्ली हे हमखास होतं. समोरून बाईक येते, हेडलाइट निळसर पांढरा, आणि ती बाजूने निघून जाईपर्यंत दोन-तीन सेकंद आपल्याला रस्ताच दिसत नाही, कडेने कोण चालतंय, स्पीडब्रेकर कुठे आहे, काहीच नाही. मला वाटायचं हे लोक अप्परवर चालवतात म्हणून असं होतं. मग माझ्या भाच्याने त्याच्या बाईकला एलईडी बल्ब टाकला, मी एका रात्री त्याच्या बाईकसमोर उभा राहिलो, आणि तेव्हा कळलं की तो तर डिप्परवरच होता.

भाचा म्हणत होता, "मामा, रोज आठ-दहा जण मला लाइट मारतात, मी अप्पर लावलेलाच नसतो." मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याची बाईक २०१३ ची, ३५० सीसी, आधीचा हॅलोजन बल्ब इतका पिवळा आणि मंद झाला होता की पावसात खड्डा चाकाखाली आला की समजायचं. म्हणून त्याने ऑनलाइन एलईडी मागवला, जुना काढला, नवा त्याच कपलरला, म्हणजे वायरच्या टोकाच्या प्लगला लावला, दहा मिनिटांत काम झालं. त्याचं दुखणं खरं होतं, पण औषध चुकीच्या जागी लावलं गेलं, आणि ते कसं हे समजून घ्यायचं असेल तर आधी हेडलाइटच्या आत बघावं लागेल.

## हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब नाही

आपण हेडलाइट म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर बल्ब येतो, पण रस्त्यावर उजेड कुठे पडणार हे बल्ब ठरवत नाही, ते ठरवतो मागचा चकचकीत वाडगा, म्हणजे रिफ्लेक्टर. या वाडग्याला एक ठरावीक बिंदू असतो, त्याला फोकस म्हणतात. उजेड तिथून निघाला तर समोर सरळ झोतात जातो, तिथून थोडा जरी हलला तर वर, खाली, बाजूला कुठेही जातो. कॅरम खेळणाऱ्याला हे लगेच कळेल, रिबाउंड मारताना स्ट्रायकर अर्धं बोट सरकवला की सोंगटी भलत्याच पॉकेटकडे जाते. इथे अर्धं बोटसुद्धा फार झालं, एक-दोन मिलिमीटरचा खेळ आहे.

भाच्याच्या बाईकला एच४ नावाचा बल्ब येतो, ६०/५५ वॉटचा. ६० अप्परला, ५५ डिप्परला. लहान बाईकना बहुतेक वेळा याचाच धाकटा भाऊ असतो, एचएस१, ३५/३५ वॉट. दोघांची रचना सारखीच. एका काचेत दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या बारीक तारेच्या गुंडाळ्या. अप्परची गुंडाळी बरोबर फोकसवर. डिप्परची तिच्या थोडी पुढे, आणि तिच्या खाली एक छोटीशी धातूची वाटी.

ही वाटी म्हणजे सगळ्या गोष्टीचा जीव आहे. डिप्परच्या फिलामेंटमधून खाली जाणारा उजेड ती अडवते. तो उजेड रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर पडला असता तर उलटून वर, समोरच्याच्या तोंडावर गेला असता. वाटीमुळे फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि तो उजेड खाली, रस्त्यावर येतो. म्हणून हॅलोजन डिप्परवर असताना भिंतीवर बघितलं तर खाली उजेड, वर अंधार, आणि मध्ये बऱ्यापैकी स्पष्ट रेघ दिसते. या रेघेला कटऑफ म्हणतात. समोरच्याचे डोळे त्या रेघेच्या वर राहिले पाहिजेत, बस.

आता एलईडी बल्बमध्ये फिलामेंट नसतं. एक धातूची पट्टी असते, तिच्या दोन्ही बाजूंना चपट्या चिप चिकटवलेल्या. चिप एकाच बाजूला, समोर उजेड टाकते, फिलामेंट चारी बाजूंना टाकतं. पट्टी जाड असेल, कारण तिला उष्णता मागच्या फॅनपर्यंत न्यायची असते, तर दोन्ही चिप मधल्या रेषेपासून लांब जातात, म्हणजे दोन्हीपैकी एकही फोकसच्या जागी नाही. वाटी असते, पण स्वस्त बल्बमध्ये ती नावापुरती. आणि पट्टी बसवताना थोडी फिरली, म्हणजे चिप डाव्या-उजव्या बाजूला तोंड करून राहण्याऐवजी तिरक्या वर-खाली झाल्या, तर वाटीचा उपयोगच संपला. भाच्याच्या बल्बची कॉलर, म्हणजे हेडलाइटमध्ये बसणारी गोल कडी, तशीच थोडी फिरलेली होती. ती नीट केल्यावर फरक पडला, पण पुरेसा नाही.

बॉक्सवर मोठे आकडे असतात तेही बघून घ्या. एच४ हॅलोजनचा डिप्पर साधारण १००० ल्यूमेन देतो आणि अप्पर १६५० च्या आसपास, ल्यूमेन म्हणजे बल्बमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. एलईडीच्या बॉक्सवर सहा-आठ हजार लिहिलेलं असतं. पण एकूण उजेड किती हा प्रश्नच नाही, तो गेला कुठे हा प्रश्न आहे, आणि ते बॉक्सवर कुठेच लिहिलेलं नसतं.

## भिंतीवर बघितलं की सगळं कळतं

आम्ही रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेलो. जागा सपाट पाहिजे, उताराची असेल तर सगळं मोजमाप चुकतं. बाईक भिंतीपासून ५ मीटरवर, स्टँडवर नाही, भाचा वर बसलेला, टायरमध्ये हवा बरोबर. हेडलाइटच्या मध्यापासून जमिनीपर्यंत टेपने मोजलं, ९० सेंटीमीटर आलं. भिंतीवर तेवढ्याच उंचीवर पेन्सिलने रेघ मारली.

आधी एलईडी. डिप्परवर जास्तीत जास्त उजेड रेघेच्या खाली होता, त्यामुळे भाचा म्हणाला बरोबर तर आहे. पण रेघेच्या वर अंधार नव्हताच, दीड मीटर उंचीपर्यंत पांढरं धुकट पसरलं होतं आणि त्यात दोन वेगळे चमकणारे डाग होते, दोन्ही बाजूंच्या चिपचे. दीड मीटर म्हणजे समोरून येणाऱ्या बाईकवाल्याचे डोळे. मग तिथल्या तिथे बल्ब काढला, जुना हॅलोजन टाकला. उजेड मंद, पिवळा, पण कटऑफची रेघ लगेच दिसली, ८३ सेंटीमीटरवर, आणि तिच्या वर जवळजवळ काळोख. भाचा काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "म्हणजे लाइट मारणारे बरोबर होते."

ही परीक्षा कोणीही करू शकतं, पैसे लागत नाहीत. बघायचं ते रेघेच्या खाली किती उजेड आहे ते नाही, रेघेच्या वर किती आहे ते.

## मग चालवणाऱ्याला एलईडी जास्त चांगला का वाटतो?

कारण बाईकच्या पुढचे पाच-दहा मीटर झगझगीत होतात. पसरलेला उजेड बराचसा जवळच पडतो, आणि आपल्याला वाटतं वा, काय उजेड आहे. पण डोळ्याची बाहुली जवळच्या झगझगाटाला जुळवून लहान होते, आणि मग ४०-५० मीटरवरचा अंधार आणखी काळा दिसतो. ६० किलोमीटरच्या वेगाने आपण सेकंदाला जवळपास १७ मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवरचा खड्डा दिसला काय आणि न दिसला काय, ब्रेक लावायला वेळच नाही. उपयोगाचा उजेड लांबचा असतो, आणि तो रिफ्लेक्टरचा फोकस जुळला तरच लांब जातो.

पावसात हे जास्त जाणवतं. ओल्या डांबरावरून उजेड परत आपल्याकडे येत नाही, आरशासारखा पुढे सटकतो, समोरच्याच्या डोळ्यांत. म्हणजे आपल्याला कमी दिसतं आणि त्याला जास्त लागतं. त्याच्या हेल्मेटच्या काचेवर थेंब असतील, ओरखडे असतील, तर प्रत्येक थेंब वेगळा चमकतो. वयस्कर माणसाच्या डोळ्यात उजेड जास्त विखुरतो, त्यामुळे त्याला आणखी त्रास. माझी पन्नाशी झाली आहे, मला हे रोज कळतं.

## खरा प्रश्न: हॅलोजन इतका मंद का झाला होता?

इथे मला थांबून नीट सांगायचं आहे, कारण बहुतेक लोक ही पायरीच गाळतात. मंद हॅलोजन म्हणजे बल्ब वाईट असं आपण धरून चालतो. पण बल्ब नवा होता, सहा महिन्यांपूर्वीचा. मी लॅमिंग्टन रोडवरून कधीतरी घेतलेला साधा मल्टिमीटर आणला, आणि आम्ही इंजिन चालू ठेवून, ॲक्सिलेटर थोडा दिलेला ठेवून, दोन ठिकाणी व्होल्टेज मोजलं. बॅटरीच्या टर्मिनलवर १३.९ व्होल्ट. बल्बच्या कपलरवर, बल्ब पेटलेला असताना, ११.७ व्होल्ट.

मधले २.२ व्होल्ट वाटेतच संपत होते. चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहिलेल्यांना हे सांगायला नको, खाली टाकी भरलेली, पंप चालू, पण जुन्या पाइपात गंज बसलेला, वर नळाला करंगळीएवढी धार. टाकीत पाणी कमी नव्हतं, नळही चांगला होता, दोष पाइपचा होता.

बाईकमध्ये हा पाइप बराच लांब असतो. बॅटरीतून फ्यूज, मग चावीचा स्विच, मग वर हँडलवरचा डिप्पर स्विच, मग खाली डोममध्ये, म्हणजे हेडलाइटच्या खोक्यात कपलर, आणि परत येताना अर्थिंगची वायर. ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, तो सगळा त्या हँडलवरच्या छोट्याशा स्विचच्या पत्र्यांमधून जातो. मुंबईची खारट हवा, चार महिन्यांचा पाऊस, दहा वर्षं, त्या पत्र्यांवर काळा थर चढणारच. २.२ व्होल्ट गुणिले साडेचार अँपिअर, म्हणजे जवळपास १० वॉट त्या वायर आणि स्विचमध्ये उष्णता होऊन जळत होते. कपलर काढला तर एक पिन तपकिरी झालेली, प्लास्टिक थोडं मऊ पडलेलं. तुमच्याही कपलरचा रंग असा बदलला असेल तर समजून जा.

आता हॅलोजनचा एक स्वभाव लक्षात घ्या, व्होल्टेज थोडं कमी झालं की उजेड खूप जास्त कमी होतो. फिलामेंट कमी तापतं, लाल-पिवळं होतं. ढोबळ हिशोब असा की उजेड व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताने बदलतो. १३.९ च्या जागी ११.७ म्हणजे व्होल्टेज १६ टक्केच कमी, पण उजेड ४४ टक्के गेला. जवळपास निम्मा. भाचा इतकी वर्षं अर्ध्या हेडलाइटवर चालवत होता.

नुकसान नेमकं कुठे आहे तेही मल्टिमीटरने सापडतं. बल्ब पेटलेला ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं कपलरच्या अर्थिंगच्या पिनला. चांगल्या वायरिंगमध्ये शून्याच्या जवळ यायला पाहिजे, इथे ०.६ आलं. मग एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं कपलरच्या डिप्परच्या पिनला, १.६ आलं. दोन्ही मिळून २.२, हिशोब जुळला. म्हणजे मोठा दोष स्विचच्या बाजूला आणि थोडा अर्थिंगला.

## रिले म्हणजे काय आणि तो काय करतो

सोसायटीत पाण्याच्या पंपाचं बटण असतं ना, वॉचमन बोटाने दाबतो. पंपाचा सगळा करंट त्या छोट्या बटणातून जात नाही, बटण फक्त पॅनलमधल्या स्टार्टरला सांगतं आणि स्टार्टर आतून मोठा संपर्क जोडतो. रिले म्हणजे बाईकचा तो स्टार्टर. हँडलवरचा स्विच आता साडेचार अँपिअर वाहत नाही, फक्त रिलेच्या कॉइलला चालू-बंद सांगतो, त्याला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही. आणि बल्बला करंट बॅटरीतून थेट जाड, आखूड वायरने मिळतो.

साध्या चार पिनांच्या रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीचा प्लस, मध्ये फ्यूज घालून. ८७ वरून वायर बल्बकडे. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं, एकाला मूळची हेडलाइटची वायर, दुसऱ्याला अर्थिंग. डिप्परला एक रिले आणि अप्परला दुसरा, एकावर दोन्ही भागवू नका, एक गेला तर दुसऱ्यावर घरी पोहोचता येतं.

आम्ही १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवला. तो बॅटरीजवळच हवा, कारण पुढे कुठे वायर घासून चेसिसला लागली तर फ्यूजच्या आधीचा भाग उघडाच राहतो आणि तिथेच आग लागते. वायर दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची घेतली. अर्थिंगसाठी नवी वायर थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत नेली, डोमच्या बोल्टवर विसंबलो नाही. रिले पिना खाली करून टांगले म्हणजे पाणी आत साचत नाही. रिलेला इशारा देणारी वायर मूळच्या हेडलाइट कपलरमधूनच घेतली. काही ठिकाणी ती घाईत बॅटरीवरून घेतात, मग चावी काढली तरी कॉइल रात्रभर करंट खात राहते आणि सकाळी सेल्फ लागत नाही.

मूळच्या वायरिंगला कुठेही कापलं नाही, हे किट मधल्या मध्ये कपलरने जोडलं, काढलं की गाडी पुन्हा जशीच्या तशी. सगळं सामान हजार रुपयांच्या आत आलं, आणि एक रविवारची दुपार गेली.

पुन्हा मोजलं. कपलरवर १३.५ व्होल्ट. ११.७ वरून १३.५, म्हणजे त्याच बल्बचा उजेड साधारण ६० टक्क्यांनी वाढला, आणि कटऑफची रेघ जागच्या जागी. रंगही पिवळटवरून पांढुरका झाला, कारण फिलामेंट आता पूर्ण तापत होतं. एक गोष्ट मान्य करायला हवी की पूर्ण व्होल्टेजवर हॅलोजन लवकर उडतो. अर्धपोटी बल्ब वर्षानुवर्षं टिकतो, पोटभर मिळालेला त्याचं खरं आयुष्य जगतो. डिकीत एक स्पेअर ठेवा.

## एलईडीला रिले लागतो का?

दुकानात सांगतात की एलईडी टाकला तर रिले टाकायलाच पाहिजे. वायरिंगच्या भारापुरतं बोलायचं तर उलट आहे. भाच्याच्या एलईडीचा करंट आम्ही मोजला, १.८ अँपिअर आला, म्हणजे साधारण २४ वॉट, हॅलोजनच्या निम्म्यापेक्षा कमी. (बॉक्सवर १०० वॉट लिहिलं होतं.) जी वायरिंग ५५ वॉट वाहत होती ती २४ वॉट सहज वाहते, रिलेची गरज नाही. रिले लागतो तो थकलेल्या वायरिंगवर हॅलोजन चालवणाऱ्यांना, ९०/१०० वॉटचा मोठा हॅलोजन टाकणाऱ्यांना, आणि वेगळे फॉग लाइट लावणाऱ्यांना.

एलईडीच्या आत एक सर्किट असतं, ड्रायव्हर म्हणतात, ते व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी चिपला ठरलेला करंट देत राहतं. म्हणूनच भाच्याच्या अर्धमेल्या वायरिंगवर एलईडी लख्ख पेटला आणि हॅलोजन मंद होता. एलईडीने दोष सुधारला नाही, फक्त तो दिसायचा बंद झाला. काळा पडलेला स्विच आणि तपकिरी पिन तशीच होती.

"लोड कमी झाला म्हणजे पेट्रोल वाचेल" असंही ऐकतो. कित्येक बाईकमध्ये रेक्टिफायर, म्हणजे इंजिनच्या विजेतून बॅटरीला चालेल अशी वीज करणारा डबा, अशा जातीचा असतो की वापरली न गेलेली वीज तो स्वतःच उष्णता करून जाळतो. मग हेडलाइटने ३० वॉट वाचवले तर ते रेक्टिफायरमध्ये जातात, पेट्रोल तेवढंच. फायदा एकच, ट्रॅफिकमध्ये आयडलवर इंजिन हळू फिरतं, वीज कमी बनते, तेव्हा बॅटरीवर ताण कमी.

## लहान बाईकवाल्यांनी आधी हे तपासा

जुन्या १००-१२५ सीसीच्या बऱ्याच बाईकमध्ये हेडलाइट बॅटरीवर नसतोच, तो थेट इंजिनमधल्या, वीज बनवणाऱ्या कॉइल प्लेटवरून चालतो आणि तिथली वीज एसी असते, म्हणजे सेकंदाला कित्येक वेळा दिशा बदलणारी. ओळखायला सोपं, आयडलवर हेडलाइट मंद आणि ॲक्सिलेटर दिला की प्रखर. इंजिन बंद असताना पेटत नाही एवढ्यावरून ठरवू नका, काही गाड्यांत बॅटरीवरचा हेडलाइटही इंजिन सुरू झाल्यावरच पेटतो, आणि एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट आपोआप चालू राहण्याचा नियम असल्यामुळे स्विचही नसतो. खात्री मल्टिमीटरने, एसी रेंजवर ठेवून कपलरवर मोजा. एसी असेल तर साधा एलईडी लुकलुकतो किंवा लवकर जातो, आणि साधा रिलेही आत थरथरत राहतो. तिथे हेडलाइट बॅटरीवर आणणं हे वेगळं काम आहे, आणि लहान कॉइल प्लेट तेवढी वीज देऊ शकते का हे आधी बघावं लागतं.

## "पण नव्या गाड्या तर कंपनीतूनच एलईडी येतात"

हो, आणि त्या चांगल्या असतात. कारण तिथे रिफ्लेक्टर किंवा लेन्स त्या चिपच्या जागेभोवतीच बनवलेली असते, उष्णता बाहेर काढायची सोयही डोममध्येच असते. म्हणून एलईडी हवाच असेल तर नुसता बल्ब नको, रिफ्लेक्टरसकट पूर्ण एलईडी हेडलाइट घ्या, तुमच्या मॉडेलसाठी बनवलेला, मान्यतेची खूण काचेवर असलेला, आणि तोही भिंतीसमोर लावून बघा. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना परवानगी मिळायला लागली, पण तीसुद्धा सरसकट नाही, ज्या मॉडेलच्या हेडलाइटमध्ये तपासून उजेड बरोबर पडला त्याच मॉडेलपुरती. म्हणजे बल्ब आणि रिफ्लेक्टरची जोडीच तपासावी लागते, बल्ब एकटा चांगला किंवा वाईट नसतो.

"मग हेडलाइट थोडा खाली वाकवतो" हा पुढचा उपाय. भाच्यानेही केला होता. त्याने मुख्य झोत खाली गेला, लांबचा उजेड संपला, पण वर पसरलेलं धुकट तेवढंच राहिलं, कारण ते कटऑफमधून आलेलंच नव्हतं, चुकीच्या जागेवरून निघून विखुरलेलं होतं.

पावसाचाही विचार करा. एलईडीच्या मागे फॅन असल्यामुळे डोमच्या मागचं रबरी बूच बहुतेक वेळा नीट बसत नाही, ते कापतात किंवा काढूनच टाकतात. मग जुलैमध्ये पाणी आत, रिफ्लेक्टरवर बुरशीसारखे डाग, आणि फॅन अडकला की चिप तापून उजेड आपोआप मंद होतो. रिफ्लेक्टर एकदा खराब झाला की परत हॅलोजन टाकूनही रेघ येत नाही.

## कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मनाई आहे, आणि कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मला मात्र केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ जास्त उपयोगी वाटतो, कारण त्यात चक्क मोजमाप दिलंय. दिव्यापासून ८ मीटर पुढे, त्याच्या उजवीकडे अर्धा मीटर, आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला डिप्परचा उजेड दिपवता कामा नये. हे घरी करता येतं, टेप आणि एक माणूस पुरे.

आम्ही तेच केलं. भाचा बाईकवर, मी आठ मीटरवर, थोडं गुडघे वाकवून डोळे दीड मीटरवर आणून. एलईडी होता तेव्हा मला त्याचं हँडल दिसत नव्हतं, नंबर प्लेट दिसत नव्हती, हेडलाइट बंद केल्यावरही हिरवा डाग डोळ्यांसमोर राहिला. रिलेवरचा हॅलोजन लावल्यावर त्याचा चेहरा दिसत होता.

मग बहिणीला मागे बसवलं, कारण भाचा रोज तिला स्टेशनला सोडतो. मागचा शॉकअप ३ सेंटीमीटर बसला. बाईकच्या दोन चाकांमध्ये साधारण १३० सेंटीमीटर, म्हणजे नाक तेवढ्या प्रमाणात वर उचललं गेलं आणि ५ मीटरवरच्या भिंतीवर कटऑफ साडेअकरा सेंटीमीटर वर चढला. ८३ चा साडेचौऱ्याण्णव झाला, पेन्सिलच्या रेघेच्याही वर. आता चांगला हॅलोजनसुद्धा समोरच्या कारवाल्याच्या डोळ्यांकडे निघाला होता. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, दोन खाचा वाढवला, हेडलाइटचा स्क्रू अर्धा फेरा खाली घेतला, बहीण बसलेली असतानाच पुन्हा मोजलं, ८५ वर आला. तिथे आम्ही स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका दिला, म्हणजे कंपनांनी फिरला तर लगेच दिसेल.